थोरल्या खाचराचे वाटे

संगमनेर, ११ मार्च २०२४
(रजिस्टर पोस्टाने)

कारभारी,

वर नेहमीचा आशीर्वाद लिहिलेला नाही. तो मी विसरलेले नाही, मुद्दाम लिहिलेला नाही.

टेम्पोवाल्याबरोबर पाठवलेलं काळभात तांदळाचं पोतं मिळालं. पोत्याच्या तोंडाशी प्लास्टिकच्या पिशवीत हक्कसोडाचा मसुदाही मिळाला. जिथे मी सही करायची तिथे तू पेन्सिलीने फुली मारून ठेवली होतीस. तीस वर्षं कॉलेजात शिकवलेल्या बाईला सही कुठे करायची ते कळणार नाही, असं वाटलं तुला? की फुली दिसली की हात आपोआप तिथे जातो, हे जयाच्या बाबतीत खरं ठरलं म्हणून माझ्याही बाबतीत ठरेल असं वाटलं?

जयाने मला सगळं सांगितलं. तू तिला अकोल्याला, तालुक्याच्या दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेलंस. सही झाल्यावर हॉटेलात जेवू घातलंस. ती मला म्हणाली, "ताई, सही करून घरी आले तर वहिनीने पहिल्यांदा मला बसायला खुर्ची दिली." हे ती आनंदाने सांगत होती. आपल्या धाकट्या बहिणीला जन्मघरात खुर्चीवर बसायला दादांच्या, आपल्या बापाच्या, जमिनीचा तिसरा हिस्सा मोजावा लागला, आणि तिला तो सौदा स्वस्त वाटला. तुझ्या घराने तिला काय शिकवलं असेल याचा विचार कर.

दादा गेले तेव्हा तलाठ्याने वारसनोंद केली. सातबाऱ्यावर तीन नावं लागली: तुझं, माझं, जयाचं. तिघांचा हिस्सा सारखा. ही मेहेरबानी नाही, कायदा आहे. मुलगी जन्मापासून वाटेकरी आहे. मी गावोगावच्या सभांत हेच सांगत आले. ओसरीवर बसलेल्या बायकांना विचारत आले की तुमचं नाव कुठे आहे, मंगळसूत्रावर की सातबाऱ्यावर? त्या हसायच्या. आता मी तुझ्या फुलीवर सही केली तर त्यातली प्रत्येक जण मला विचारेल, बाई, तुमचं कुठे आहे?

तू फोनवर म्हणालास, "आक्का, सही न्हाई दिली तर म्हायेर तुटंल." ज्या माहेराची किंमत सहीएवढी आहे, ते तुटू दे.

मी वाटपाचा दावा दाखल केला आहे. कोर्टाने 'जैसे थे' हुकूम दिला आहे, त्याची प्रत तुला पोचली असेल. दाव्याचा निकाल लागेपर्यंत त्या दोन एकरांच्या स्थितीत कोणताही बदल करायचा नाही. पिकं घे, ते कोर्टाने अडवलेलं नाही. पण मी तुला ओळखते. बांध सरकवणं, मोजणीच्या खुणा गिळणं, ही कला गावात कुणाला शिकवावी लागत नाही. म्हणून माझ्या शब्दांत लिहिते: बांधाच्या ढेकळालाही हात लावायचा नाही. एक दगड हलला तरी अवमानाचा अर्ज करीन. वकील नको म्हणाले तरी करीन.

आणि माझा हिस्सा मला वरचा हवा. थोरलं खाचर, रस्त्याकडचं. भंडारदऱ्याला जाणाऱ्या गाड्या तिथून दिसतात आणि त्या जागेला उद्या काय मोल येणार हे तुला माहीत आहे, म्हणूनच तू फुलीची घाई केलीस.

सत्यशीला


संगमनेर, ९ जून २०२४
(पाठवलं नाही)

कारभारी,

काल जया येऊन गेली. तुझ्याबद्दल बोलायचं नाही असं ठरवूनच ती आली होती आणि चहा व्हायच्या आत तुझ्याबद्दलच बोलायला लागली.

"ताई, कारभारीदादाने यंदा बांध घातले न्हाईत."

मी म्हटलं, घातले नाहीत म्हणजे?

"म्हंजे न्हाईच घातले. फावडं न्हाई, पाटी न्हाई. खेकड्याची बिळं तशीच. थोरल्या खाचराच्या बांधात माझा हात कोपरापर्यंत जातोय. सांडव्याचे दोन दगड निखळलेत, तेही बसवले न्हाईत. मी म्हटलं, पाऊस आल्यावर काय करणार? तर म्हणतो, कोर्टाला विचार."

मी तिला सांगितलं, नाटक आहे हे. मला घाबरवायला करतोय.

ती म्हणाली, "तो नाटक करतो का गं?"

तू नाटक करत नाहीस. लहानपणी बाईंनी वर्गात "हलू नका" म्हटलं की गांधीलमाशी चावली तरी तू हलत नव्हतास. सांगितलेलं अक्षर न् अक्षर पाळायचं आणि त्यातून समोरच्याला शरमिंदं करायचं, हे तुझं हत्यार मी ओळखते.

मी वकिलांना विचारलं. ते हसले. म्हणाले, 'जैसे थे'चा अर्थ जमीन मरू द्यायची असा होत नाही. वहिवाटीची नेहमीची डागडुजी चालते. मनात भीती असेल तर दोन्ही बाजूंनी मिळून कोर्टात पुरसिस द्यायची, म्हणजे सह्यांचा एक कागद, की बांधबंदिस्ती करायला उभयतांची हरकत नाही. पुढच्या तारखेला दिली की झालं. मी विचारलं, अर्ज कुणी करायचा? ते म्हणाले, "कुणीही. पण बाई, त्यांनी विचारलं पाहिजे ना."

बरोबर आहे. तू विचारलं पाहिजेस.

जमीन तू कसतोस. बिळं तुझ्या डोळ्यांसमोर आहेत. तू एक फोन कर: आक्का, बांध घालू का? मी त्याच क्षणी हो म्हणेन. एवढंच तुला करायचं आहे, आणि तेवढंच तू करणार नाहीस, कारण ते विचारणं म्हणजे त्या बांधावर माझाही हक्क आहे हे कबूल करणं. तू बिळं राखतोयस ते तुझ्या हेक्यासाठी, कोर्टासाठी नाही.

मला उगाच वाईट माणूस करू नकोस. थोरल्या खाचरात ओढ्याचं पाणी येतं, ते भरलं की सांडव्यावरून खालच्या खाचरात, तिथून खाली, पायरी पायरीने शेवटपर्यंत जातं, हे मलाही आठवतं. वरचा बांध गेला तर खालचं काय होतं हेही आठवतं. पण मला आठवतं म्हणून मीच आधी बोलायचं? प्रत्येक वेळी शहाण्यानेच वाकायचं असेल तर

(इथे पत्र थांबवलं. पुढे जे आलं ते भाषण होतं.)


संगमनेर, २८ जुलै २०२४
(पाठवलं नाही)

कारभारी,

मी आले होते ते तू पाहिलंसच. एसटी राजूरला सोडली आणि पुढे जीपने. जीपमध्ये एक बाई म्हणाली, "कारभाऱ्याच्या आक्का ना तुम्ही? बांध गेला म्हनं तुमचा." 'तुमचा' म्हणाली. कोर्टाच्या कागदात जे मिळवायला मी दोन वकील बदलले, ते त्या बाईने जीपमध्ये एका शब्दात देऊन टाकलं, आणि मला तोंड लपवावंसं वाटलं.

मी वर गेले तेव्हा तू थोरल्या खाचराच्या कडेला उभा होतास, डोक्यावर इरलं. भाताची आवणी होऊन आठवडाही झाला नसावा. रोपं राहिली होती ती फक्त रस्त्याकडच्या दगडी भिंतीलगतच्या पट्ट्यात. मधोमध बांधाला खिंडार पडलं होतं, बैलगाडी जाईल एवढं. खिंडारासमोर माती नव्हतीच. खाली पिवळा मुरूम दिसत होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या खाचरातही तसंच, जणू कुणी तिन्ही खाचरांतून एक मोठा नांगर तिरका ओढत नेला आहे.

मी म्हटलं, "बिळं का बुजवली नाहीस?"

तू म्हणालास, "तू म्हनली ढेकळाला हात लावायचा न्हाई. मी न्हाई लावला."

"एरवी ऐकतोस का माझं?"

"एरवी कोर्टाचा शिक्का नसतो."

तू हे रागाने म्हणाला असतास तर मला उत्तर देता आलं असतं. माझ्याकडे उत्तरं पुष्कळ आहेत. पण तू पावसाचा अंदाज सांगावा तसं सांगितलंस. मग म्हणालास, "कागद चार बारी वाचला मी. त्यात बांध घाला असं कुठंच न्हाई."

मी विचारलं, "मला फोन का केला नाहीस?"

"तू का न्हाई केला? जयाने सांगितलं हुतं ना तुला."

तेवढ्यात रतनबाई खालून आली. तुझ्या बायकोचं माझ्याशी कधी जमलं नाही, तरी त्या वेळी ती काहीतरी बरं बोलेल अशी मला आशा होती. ती चपला हातात घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "वन्सं, तुमच्या वाट्यात उभी हाय मी का आमच्या, तेवढं सांगा. म्हंजे कुठं थुकायचं ते कळंल."

तू तिला गप्प केलं नाहीस. मीही तुला तसं करायला सांगितलं नाही.

परत जाताना पुंजाराम भेटला, त्याचं रान आपल्या खाली आहे. त्याच्या भातावर आपली माती पसरली होती, पोटरीएवढी, त्यात दगड. तो माझ्या अंगावर ओरडेल म्हणून मी थांबले. तो म्हणाला, "आक्का, तुमची माती माझ्याकडं आलीया. न्या म्हनलं तर कशी न्याल? आन् ठिवली तर तिच्यात माझं भात मेलंय." मग हसला. "आता माझ्यावर पन दावा लावा."

मी आयुष्यभर सभांना उभी राहिले, समोर कितीही माणसं असोत, शब्द कमी पडला नाही. पुंजारामला मी म्हणाले, "बघते." एवढंच. काय बघणार होते?

कारभारी, ती माती मुरमावर आपोआप आलेली नव्हती. दादा सांगायचे, त्यांच्या आजोबांनी ओढ्याच्या काठावरून पाट्यांनी वाहून आणून ती अंथरली, दर उन्हाळ्यात थोडी थोडी. एक वीत माती व्हायला दोन पिढ्या गेल्या. ती आपण दोघांनी एका रात्रीच्या पावसात पुंजारामला देऊन टाकली. वकिलाने मला सांगितलं आहे की दाव्यावर याचा परिणाम होत नाही, क्षेत्रफळ तेवढंच राहतं. बरोबर आहे. नकाशावर दोन एकर अजूनही दोन एकरच आहेत.


संगमनेर, ३ ऑगस्ट २०२४
(पाठवलं नाही)

प्रिय कारभारी,

मी ठरवलं आहे. थोरलं खाचर, जे फुटलं ते, मी माझ्या वाट्याला घेते. मीच वरचं मागितलं होतं, ते मला भोगू दे. खालची, त्यातल्या त्यात बरी खाचरं तू ठेव. गावाला कळू दे की

नको. वाचताना मला सभेतल्या टाळ्या ऐकू आल्या. आणि वरचं माझ्याकडे राहिलं तर पाण्याचं तोंडही माझ्याच हातात राहील, म्हणजे दान देऊनही तुझ्या गळ्यावर पाय. शिवाय तुझ्या गाडीला वरून वाट ठेवायची की नाही हेही मीच ठरवणार. हे तडजोडीचं पत्र नाही.


संगमनेर, १८ ऑगस्ट २०२४
(जयाच्या हाती)

चि. कारभारी यास आशीर्वाद. रतनबाईलाही.

मार्चमध्ये पाठवलेलं पत्र तुझ्याकडे असेल. त्यातला हक्काचा भाग मी मागे घेत नाही. तिसरा हिस्सा माझा आहे, तो मी आजही मागते आणि माझं नाव सातबाऱ्यावर राहणार. ढेकळाबद्दलचं वाक्य मात्र मी मागे घेते. ते लिहिताना मला जमिनीची काळजी नव्हती. तुला बांधून ठेवायचं होतं.

पुढच्या तारखेला कोर्टात भांडायचं नाही असं मी वकिलांना सांगितलं आहे. दोघांनी सही केलेली तडजोड दाखल केली तर कोर्ट त्याप्रमाणे हुकूमनामा करतं. तो तहसीलदारांकडे जातो, भूमी अभिलेखवाले येऊन मोजतात, फाळणी करून पोटहिस्से पाडतात, मग प्रत्येकाचा सातबारा वेगळा होतो. दावा चालवत बसलो तर हेच व्हायला आपली दोघांची उमर पुरणार नाही. वकिलांनी दावे पाहिले आहेत ज्यात वाटेकऱ्यांची नातवंडं तारखेला येतात.

आता कसं वाटायचं ते. भूमी अभिलेखचा माणूस बांध बघून आडव्या रेघा मारेल, कारण तेच सोपं पडतं: एकाला वरचं, एकाला मधलं, एकाला खालचं. तसं झालं तर वरचा पाणी अडवेल आणि खालचा त्याच्या दारात उभा राहील. वरचा बांध घालायला आळस करील आणि खालचा वाहून जाईल. या वर्षी आपण तेच केलं, रेघ मारायच्याही आधी.

म्हणून मी वाटे उभे पाडले आहेत. वरून खालपर्यंत, ओढ्याकडून पुंजारामच्या बांधापर्यंत तीन पट्टे. प्रत्येक पट्ट्यात प्रत्येक खाचराचा तुकडा येतो. प्रत्येक पट्टा वीस गुंठ्यांच्या वर राहतो, त्यामुळे तुकडेबंदीचा कायदा आड येत नाही. पुढे मात्र कुणाच्याही पोरांना आपला पट्टा फोडता येणार नाही, हे लक्षात ठेव. मधे आडव्या बांधांना काटकोनात दोन नवे बांध घालावे लागतील, त्यांचा त्रास आहे आणि थोडी जमीन त्यात जाईल. पण ओढ्याचं पाणी तिघांनाही सारखं मिळेल आणि थोरल्या खाचराचा मोठा बांध तिघांचा राहील, तो तिघांनीच दर उन्हाळ्यात घालायचा. सांडवा तिघांचा. वाट तिघांची, भिंतीच्या कडेने. पाणी, बांध आणि वाट, या तिन्ही गोष्टी तडजोडीत शब्दांत लिहून घ्यायच्या आणि सातबाऱ्याच्या 'इतर हक्कां'त नोंदवून घ्यायच्या. शब्द नसले तर काय होतं ते आपण पाहिलं. असले तरी काय होतं तेही पाहिलं.

तिसरा पट्टा जयाचा असायला हवा होता. तिचं हक्कसोड नोंदवलेलं आहे, ते तिला एकटीला परत घेता येत नाही. त्यामुळे कागदावर दोन पट्टे तुझे आहेत. तिला द्यायचा तर तुला बक्षीसपत्र करावं लागेल. मी तुला कर म्हणत नाही. मी या एका गोष्टीवर कुठल्याही सभेत, कुठल्याही ओसरीवर, तुझ्या घरात किंवा माझ्या, तोंड उघडणार नाही. हे लिहायला मला किती वेळ लागला ते जया सांगेल. ती समोरच बसली होती आणि म्हणत होती, "ताई, खोडू नकोस गं आता."

खिंडार कुठे येतं ते मी नकाशावर ठेवून पाहिलं. आधी वाटलं, पट्टे थोडे सरकवावेत, म्हणजे फुटकी जागा माझ्याकडे पूर्ण येईल. मग ते असे पाडले की मुरूम तिन्ही पट्ट्यांत सारखा येतो. चांगली माती सारखी, गेलेली माती सारखी. मी खूप प्रयत्न केला, पण कुणालाच न लागेल अशी रेघ मला सापडली नाही.

दिवाळीनंतर भात, जे काही निघेल ते, निघाल्यावर मी येणार आहे. पुंजारामशी बोलले आहे. तो त्याच्या रानातली माती काढून द्यायला तयार आहे, "न्या, माझंच रान मोकळं होईल" म्हणाला. किती वर आणता येईल ते सांगता येत नाही. निम्मी ओढ्याने खाली नेली आहे. मुरमावर टोपल्यांनी माती टाकून आपल्या हयातीत त्या जागेत भात उभं राहील असं मला वाटत नाही, आणि तुला वाटतं असं तू खोटं म्हणू नयेस. तरी येईन. तू बोललास तरी आणि नाही बोललास तरी.

आपल्याकडे थोरला वाटे पाडतो आणि धाकटा आधी उचलतो. दादांनी आणि रंगनाथकाकांनी तसंच केलं होतं. थोरल्याने वाईट पाडले तर वाईटच त्याच्या पदरात उरतं, म्हणून तो नीट पाडतो. या घरात ही रीत भावांमध्येच चालली. यंदा थोरली मी आहे. वाटे मी पाडले. नकाशा जयाबरोबर पाठवला आहे, त्यावर पट्ट्यांना नाव दिलेलं नाही.

आधी तू उचल. जे उरेल त्यातलं मी घेईन.

सत्यशीला